प्रतिलिपी कोणाकोणाला?

मागच्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण मीच पाठवलं होतं. यादीत ३८ जण होते. आपले तीन प्राध्यापक, मंडळाचे नऊ विद्यार्थी, वीस माजी विद्यार्थी आणि आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातली सहा माणसं. या सहांत एक निवृत्त गुरुजी होते, दोन संत्र्याचे बागायतदार होते, बाकीचे वाचनाची आवड असलेले लोक. सगळे पत्ते मी एका दमात टू मध्ये चिकटवले आणि मेल पाठवून दिला.

अर्ध्या तासात पहिलं उत्तर आलं, "मला या यादीतून काढा." ते ३८ जणांना गेलं. मग दुसऱ्या कोणी सगळ्यांनाच लिहिलं, "कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका." तेही ३८ जणांना! इथपर्यंत हसण्यासारखं होतं. रात्री मात्र एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. ज्या माणसाचा त्रास चुकवायला तिनं जुना पत्ता बंद करून नवा घेतला होता, तो माणूसही त्याच यादीत होता. त्याचा मेल तिला येऊन पोचला होता. ती माझ्यावर ओरडली नाही. "तुला माहीत नव्हतं ना," एवढंच म्हणाली, आणि तेच मला जास्त लागलं.

पाठवलेला मेल परत येत नाही. जीमेलमध्ये Undo असतं, पण ते मुळात पाच सेकंदांचं. सेटिंगमध्ये वाढवलं तरी तीस सेकंदांच्या पुढे जात नाही. माझी चूक मला कळली तेव्हा पाच तास उलटून गेले होते.

त्या शनिवारी घरी गेले तेव्हा बाबांना सांगितलं. बाबांनी सगळी नोकरी सरकारी कचेरीत टाइपरायटरवर काढली. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे त्यांना समजावायची गरजच नव्हती. दोन कागदांच्या मधे निळा-काळा कार्बन घालून त्यांनी हजारो प्रती काढल्या आहेत. ते म्हणाले, "अवं, आमच्या पत्राच्या खाली प्रतिलिपी राहत होती. तेच तं हे!"

मध्य प्रदेशातलं सरकारी पत्र तुम्ही पाहिलं असेल. वर ज्याला लिहिलं त्याचं पदनाम, आणि खाली "प्रतिलिपि : सूचनार्थ एवं आवश्यक कार्यवाही हेतु" असं लिहून क्रमानं बाकीच्यांची नावं. महाराष्ट्रात तिथे "प्रत माहितीसाठी" असतं. वर ज्याचं नाव, त्यानं काम करायचं. खाली ज्यांची नावं, त्यांनी जाणून घ्यायचं. मेलमधल्या To आणि Cc या दोन रकान्यांचा अर्थ नेमका हाच आहे. खालची नावं मोठ्या पदापासून छोट्या पदाकडे जातात, आणि हा क्रम लोक मेलमध्येही बारकाईनं पाहतात. विभागप्रमुखांच्या आधी वर्गमित्राचं नाव आलं तर कोणी बोलत नाही, पण लक्षात सगळ्यांच्या राहतं.

मग मी बीसीसीबद्दल सांगितलं. बाबांच्या कपाळावर आठी आली. "म्हणजे प्रत द्यायची अन् खाली लिहायचंच नाही? असं लपवून काहून पाठवून राहिली तू?"

या प्रश्नावर मी बरेच दिवस अडले. Bcc चा अर्थ ब्लाइंड कार्बन कॉपी. मराठीत त्याला गुप्त प्रत म्हटलं की लगेच कारस्थानाचा वास येतो. शेवटी मी बाबांना पाकिटाचं उदाहरण दिलं. मेलमध्येही आतला कागद वेगळा आणि पाकीट वेगळं. To आणि Cc ची नावं आतल्या कागदावर छापली जातात, ती सगळे वाचतात. Bcc चं नाव फक्त पाकिटावर असतं. मेल पोचवायला सर्व्हर ते वाचतो, पण बाकीच्यांना मिळणाऱ्या कागदावर ते येतच नाही. बाबा म्हणाले, "मंग याले झाकलेली प्रत म्हण." हा शब्द मला पटला. लपवणं वेगळं, झाकणं वेगळं.

हा फरक किती मोठा ठरू शकतो याचं एक उदाहरण सांगते. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयानं देश सोडू पाहणाऱ्या अफगाण लोकांना मेल पाठवला आणि २४५ पत्ते टू मध्ये टाकले. तालिबानला हवी असलेली माणसं एकमेकांसमोर उघडी पडली. दोघांनी तर सगळ्यांना उत्तर दिलं, आणि त्यातल्या एकानं आपण कुठे आहोत तेही लिहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाला साडेतीन लाख पौंड दंड झाला. चूक माझीच होती, फक्त रकाना चुकल्याची.

पण सरसकट बीसीसी हाही उपाय नाही. त्याच्या दोन अडचणी मला नंतर कळल्या. पहिली अशी की सीसीतल्या कोणी सगळ्यांना उत्तर दिलं तर ते बीसीसीतल्यांना पोचत नाही. म्हणजे जिथे चर्चा करून ठरवायचं आहे तिथे बीसीसीतला माणूस बाहेरच राहतो. दुसरी याच्या उलट. बीसीसीतल्या माणसानं चुकून Reply all दाबलं तर त्याचं उत्तर टू आणि सीसीतल्या सगळ्यांना जातं आणि तो तिथे होता हे उघड होतं. म्हणून तक्रारीच्या मेलमध्ये हळूच सरांना बीसीसी करणं मला धोक्याचं वाटतं. सरांना सांगायचंच असेल तर उघड सीसी करावं, नाहीतर पाठवलेला मेल नंतर वेगळा फॉरवर्ड करावा.

या वर्षी तीच यादी पुन्हा समोर आली तेव्हा मी स्वतःला दोन प्रश्न विचारले. ही माणसं एकमेकांना ओळखतात का? आणि त्यांनी एकमेकांशी बोलायला हवं का? प्राध्यापक आणि मंडळाच्या नऊ जणांबाबत दोन्हींचं उत्तर हो होतं. माजी विद्यार्थी आणि गावाकडची सहा माणसं यांच्याबाबत नाही. म्हणून एकाचे दोन मेल केले. तयारीचा मेल मंडळाला टू आणि प्राध्यापकांना सीसी, सगळं उघड. निमंत्रणाच्या मेलमध्ये टू ला मंडळाचाच पत्ता आणि ते सव्वीस जण बीसीसीत. "कळवा" म्हणण्याऐवजी उत्तर कोणाला द्यायचं तेही स्पष्ट लिहिलं.

आणि पहिल्याच ओळीत एक वाक्य टाकलं: "हे निमंत्रण माजी विद्यार्थी आणि पांढुर्णा-सौंसरच्या स्नेह्यांना पाठवत आहोत, कोणाचा पत्ता दुसऱ्याला दिसू नये म्हणून पत्ते झाकले आहेत." त्यानं बाबांचा आक्षेप मिटला. मेल कोणाला गेला हे सगळ्यांना कळलं, पत्ता मात्र कोणाचाच कोणाला कळला नाही.

पाठवण्याआधी मी त्या ताईला विचारलं, तुझा पत्ता यादीत ठेवू का? खरं तर हे गेल्या वर्षीच विचारायला हवं होतं. तिनं बीसीसी म्हणजे नेमकं काय ते माझ्याकडून दोनदा समजून घेतलं. मग म्हणाली, "ठेव. पण पाठवायच्या आधी एकदा रकाना बघ."

मी तीनदा बघितला.