सकाळच्या पोळ्या दुपारी एकपर्यंत



धंतोलीत राहणाऱ्या बाईच्या घरी डबे सुटत नाहीत. गल्लोगल्ली दवाखाने. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडचं कुणी ना कुणी इथे भरती असतंच, आणि नातेवाईक म्हटला की डबा आपल्याच घरचा. या हिवाळ्यात कारंज्याच्या नणंदबाई अकरा दिवस इथल्या एका दवाखान्यात होत्या. सोबत त्यांचा मुलगा. सकाळी साडेआठला डबा घेऊन जायचा आणि डॉक्टरांचा राउंड, तपासण्या, औषधांच्या चकरा आटोपून जेवायला बसायचा तेव्हा एक वाजलेला. तिथे ना गॅस, ना तवा. म्हणजे साडेचार तास पोळी तशीच मऊ राहायला हवी. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मामी, तुमची पोळी अजून मऊ कशी? बाजूच्या पेशंटकडचे विचारत होते." तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढावं.

पोळी कडक होते ती दोन वेगळ्या कारणांनी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि आपण बहुतेक एकाचाच विचार करतो. पहिलं कारण सरळ आहे, पाणी उडून जाणं. नागपूरच्या मे महिन्यात ताटात उघडी ठेवलेली पोळी दहा मिनिटांत पापडासारखी वाजते, ती यामुळे. झाकून ठेवली की हे थांबतं. दुसरं कारण डब्याच्या आतही चालू असतं. कणकेतला स्टार्च तव्यावर पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. पोळी गार झाली की तोच स्टार्च हळूहळू पुन्हा आखडतो, घट्ट होतो. ओलावा आत असूनही पोळी चामट लागते, घडी घातली की चिरते, ती यामुळे. गंमत म्हणजे हे आखडणं सगळ्यात वेगाने होतं ते फ्रिजच्या थंडाव्यात. म्हणून उरलेल्या पोळ्या "खराब होऊ नये" म्हणून फ्रिजमध्ये टाकल्या की दोन-तीन तासांत त्यांचं कातडं होतं. बाहेर, नीट गुंडाळलेली पोळी त्यापेक्षा कितीतरी बरी राहते. दिवसभराच्या पोळ्यांना फ्रिजचं दार दाखवायचंच नाही.

आता कणीक. आपल्याकडे पिठाचीही मर्यादा पाळतात, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यामुळे थोडं थोडं चक्कीवरून दळून आणणं आपल्याला नवीन नाही. चक्कीच्या दगडाखाली स्टार्चचे कण जास्त भरडले जातात, म्हणून हे पीठ पाणीही जास्त पितं. हा आपला फायदाच आहे. जेवढं पाणी कणकेत मुरेल तेवढी पोळी उशिरा कडक होईल. माझं माप असं: दोन वाट्या पीठ, म्हणजे साधारण अडीचशे ग्रॅम, त्याला गाळलेलं कोमट पाणी पाऊण वाटीहून थोडं जास्त, चिमूटभर मीठ आणि दोन लहान चमचे तेल. (बी.कॉम.ची सवय, एकदा वजनकाट्यावर मोजलं होतं. पाणी १६० ग्रॅम भरलं.) कणीक आधी हाताला चिकटेल इतकी सैल वाटते. लगेच वरून पीठ भुरभुरायचं नाही. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायची आणि मग तेलाच्या हाताने पुन्हा मळायची. कोंडा पाणी सावकाश पितो, अर्ध्या तासात तीच कणीक आवरलेली दिसते. यात नऊ पोळ्या होतात. बोट दाबून सोडल्यावर खळगा हळूहळू भरून आला तर कणीक बरोबर. खळगा तसाच राहिला तर अजून थोडा पाण्याचा हात.

डब्यासाठी फुलका नको, घडीची पोळी करा. फुलका पातळ, कोरडा, त्यावर विस्तवावर फुगवलेला. त्याची वाफ फुटून निघून जाते. तो ताटात गरम वाढण्याचा पदार्थ आहे. घडीच्या पोळीत पदरांमध्ये तेल असतं आणि पदरांमध्येच थोडी वाफ धरून राहते. लाटताना पीठ कमी लावा. वरचं कोरडं पीठ तव्यावर जळतं आणि नंतर डब्यातला ओलावा शोषून घेतं.

तव्याबद्दल माझं मत ठाम आहे. मऊ पोळीसाठी आच मंद ठेवणाऱ्या बायका मला कळत नाहीत. मंद आचेवर पोळी तव्यावर दोन-दोन मिनिटं बसते आणि भाजली जाण्याऐवजी वाळते. तवा चांगला तापलेला हवा, आच मध्यमच्या वर. पहिली बाजू रंग बदलेपर्यंतच, उलटून दुसरीवर बारीक ठिपके, पुन्हा उलटून फुगली की खाली. सगळं मिळून एका मिनिटाच्या आसपास. कडा मात्र फडक्याने दाबून घ्यायच्या. कच्ची राहिलेली कडच डब्यात सगळ्यात आधी चिवट होते. ठिपके फिकट तपकिरी असावेत. गडद डाग पडलेली पोळी त्या जागीच तुटते.

आता गुंडाळणं. इथेच जास्त घोळ होतो. तव्यावरची पोळी सरळ स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावलं तर वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन परत पडते. वरच्या दोन पोळ्या लिबलिबीत, तळाची एकमेकींना चिकटलेली. आणि वाफ जावी म्हणून पोळ्या जाळीवर पूर्ण गार केल्या तर हवा असलेला ओलावाच जातो. मधला रस्ता असा. पोळी तव्यावरून उतरवली की तळहातावर फडक्यात घेऊन हलकेच चुरगळल्यासारखी दाबायची, म्हणजे पदर सुटतात आणि जास्तीची वाफ निघते. मग तुपाचं बोट फिरवून मोठ्या सुती फडक्यात ठेवायची. फडकं जुन्या धोतराचं, बरेचदा धुतलेलं असावं. नव्या खळीच्या कापडात पाणी शिरत नाही. पुढची पोळी तिच्यावर, प्रत्येक वेळी फडक्याची टोकं वरून झाकायची. शेवटची झाली की तीन-चार मिनिटं तशीच राहू द्यायची, तोवर कापड जास्तीची वाफ पितं. नंतर त्याच फडक्यासकट गोल डब्यात घालून झाकण घट्ट. डबा पोळ्यांच्या मापाचा हवा. चार पोळ्या आणि भलामोठा डबा असेल तर ओलावा त्या मोकळ्या जागेत पसरतो.

भाच्याच्या डब्यासाठी मी एक दिवस एकाच कणकेच्या पोळ्या चार तऱ्हांनी ठेवून पाहिल्या. एक टोपलीत फडक्याखाली, एक नुसत्या स्टीलच्या डब्यात, एक चांदीच्या कागदात, एक फडक्यासकट डब्यात. दुपारी एकला टोपलीतलीच्या कडा कुरकुरीत झाल्या होत्या. नुसत्या डब्यातली एका बाजूने ओली. कागदातली मऊ, पण पाण्याचा वास धरलेली. फडकं आणि डबा वाली चार घड्या घालून उलगडली तरी चिरली नाही. घडीची परीक्षा घरी करून पाहा, खोटं बोलत नाही ती. पावसाळ्यात मात्र फडकं रोज धुऊन कडक वाळवा, नाहीतर त्याचा आंबूस वास पोळीला लागतो. अशा वासाची पोळी सरळ बाजूला काढायची.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आमची पानं पाचला वाढलेली असतात. बारा वाजता केलेल्या चार-पाच पोळ्या उरल्या असतील तर त्या संध्याकाळी तव्यावर परत जिवंत होतात. हात ओला करून पोळीच्या दोन्ही बाजूंना नुसता टेकवायचा, पाणी ओघळता कामा नये. तवा आधी तापवून पोळी टाकायची, वर खोल झाकण, पंधरा-वीस सेकंद. उलटून तेवढंच, फडक्याने दाबत. आखडलेला स्टार्च साधारण साठ अंशांच्या वर गेला की पुन्हा सैल होतो, आणि हाताचं पाणी वाफ होऊन आत शिरतं. पाणी न लावता गरम केली तर स्टार्च सैल होतो खरा, पण पाणी आणखी उडतं, आणि दोन मिनिटांत ती पहिल्यापेक्षा कडक. सरळ विस्तवावर धरलेल्या पोळीचंही हेच होतं. एक लक्षात ठेवा, गरम केलेली पोळी दुसऱ्यांदा गार होताना जास्त लवकर आखडते. म्हणून पानावर जेवढी लागेल तेवढीच गरम करायची.

दिवस मावळल्यावर उरलेली पोळी आपल्यासाठी शिळीच. तिला उद्याच्या फोडणीत ढकलणं आमच्या घरी चालत नाही. उरणार असं चारच्या सुमारास दिसलं तर मी त्या पोळ्या मंद आचेवर लाकडी दट्ट्याने दाबत दाबत पूर्ण कोरड्या भाजते, गुजराती बहिणी खाखरा करतात तशा. इथे मंद आच हवी, कारण इथे ओलावा घालवायचाच आहे. मधोमध मोडल्यावर टक्कन आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर आत पाणी आहे, आणखी भाजा. किती दिवस ठेवायचं ते आपापल्या घरच्या रीतीने.

राहिलं फ्रीझर. मी स्वतः त्यातली पोळी खात नाही, माझ्या हिशेबाने तीही शिळीच. पण पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी आणि तिच्यासारख्या कितीतरी जणी रविवारी तीस पोळ्या करून ठेवतात. बाहेरून काय काय मागवण्यापेक्षा ते बरं, म्हणून तिला शिकवलं. फ्रीझरचं गणित फ्रिजच्या उलट आहे. फ्रिजमध्ये स्टार्च वेगाने आखडतो, आणि गोठला की तोच जवळजवळ थांबतो. म्हणून मधला वेळ कमी करायचा. पोळ्या पूर्ण भाजायच्या पण ठिपके फिकट ठेवायचे, कारण त्या परत तव्यावर जाणार आहेत. फडक्यावर सुट्या पसरून दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं, ऊब गेली की लगेच रचायच्या, प्रत्येकीमध्ये बटर पेपरचा तुकडा. सहा-सहाच्या चळती पिशवीत घालून हवा दाबून काढायची आणि ताटलीवर आडव्या ठेवायच्या. जाड चळत मधून उशिरा गोठते. महिनाभरात संपवाव्यात. पांढरे कोरडे चट्टे दिसले तर तिथला ओलावा बर्फ होऊन उडालेला असतो, ती पोळी विषारी नाही पण तिथे चिवटच लागणार.

गरम करताना बाहेर काढून तासभर ठेवायची नाही. पिशवीतून सरळ तापलेल्या तव्यावर, कडेला चार थेंब पाणी, झाकण, अर्धा मिनिट, उलटून तेवढंच, मग थोडं तूप. मायक्रोवेव्ह वापरायचाच असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून वीस सेकंद, आणि लगेच खायची. ती गार झाली की दात लागत नाही.

नणंदबाई आता कारंज्याला घरी आहेत, बऱ्या आहेत. भाच्याने परवा फोनवर त्या फडक्याचं माप विचारलं. अर्ध्या मीटरचा चौकोन, त्याला सांगितलं, आणि कडा शिवून घे, नाहीतर दोरे पोळीत येतात.