ठेचा आणि घाम

आमचें वजन वाढलें आहे, अशी कुजबुज घरांत बरेच दिवस चालली होती. परंतु गेल्या श्रावणांत डॉक्टरांनीं रक्तांतील साखर मोजून तें उघड सांगितलें, तेव्हां उपाय करणें भाग पडलें. एका स्नेह्यांनीं सुचविलेला उपाय आमच्या जिभेस फारच मानवला. तिखट खावें, म्हणजे अग्नि प्रदीप्त होऊन मेद जळतो! त्या दिवसापासून रात्रीच्या पानांत ठेच्याचा गोळा आला. कपाळीं घाम सुटला कीं आम्हांस वाटे, मेदच वितळून बाहेर पडत आहे. महिन्यानें वजनकांट्यावर उभे राहिलों, तों कांटा अर्धा किलो पुढेंच!

मग संवयीप्रमाणें आम्हीं पुस्तकें उघडलीं. अन्न पचविण्यासच शरीरास इंधन लागतें, हें खरें. तें मोजण्यासाठीं माणसास रात्रभर उपाशी ठेवून सकाळीं पारदर्शक टोपाखालीं स्वस्थ निजवितात व श्वासावाटे किती प्राणवायु खर्च झाला तें पाहतात. नंतर जेवूं घालून पुढें पांचसहा तास तेंच मोजीत राहतात. दोन तासांत आटोपलें, किंवा निजलेला गृहस्थ चुळबुळ करूं लागला, कीं हिशेब चुकतो. अशा मोजणींत मिश्र जेवणाचा सुमारें दहावा हिस्सा पचनांतच खर्चीं पडतो असें आढळतें. डाळी, दूध, मांस यांतील प्रथिनांचा वीस ते तीस टक्के, तेलातुपाचा मात्र फार तर तीन.

आमचें रात्रीचें जेवण सहाशें कॅलरींचें धरलें, तर साठ अशा गेल्या. पण त्या ठेच्यावांचूनही जातच होत्या. मिरचींतील कॅप्सेसिन भरपूर घेतल्यास त्यांत थोडी भर पडते, असें कांहीं प्रयोगांत दिसलें. ती दिवसाकांठीं पन्नासेक कॅलरींची. कांहीं प्रयोगांत तीही दिसली नाहीं.

आणि तो घाम? डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनें १९९७ सालीं मज्जातंतूंवरील एक ग्राहक शोधून काढला. २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले, ते याच कामामुळें. हा ग्राहक सुमारें त्रेचाळीस अंशांपलीकडील उष्णतेनें जागा होतो, आणि कॅप्सेसिननेंही. पोळल्याची वर्दी मेंदूस जाते, व तो अंग निवविण्यास घाम सोडतो. म्हणजे आग लागलीच नव्हती. बंब तेवढा आला होता!

वजन कां वाढलें, हें मात्र पुस्तकांत नव्हतें. तें आमच्या कुटुंबानें सांगितलें. "ठेच्यावर दोन चमचे तेल रोज कोण ओतून घेतं? आणि तिखट लागलं म्हणून वर अर्धी भाकरी?"

आम्हीं कागदावर मांडून पाहिलें. तेलाच्या नव्वद कॅलरी, भाकरीच्या साठसत्तर. आणि मिरचीस सर्व श्रेय दिलें तरी वजावट पन्नासांची!

हल्लीं तेलाची वाटी त्यांच्या पाटाजवळ असते. ठेचा आम्हीं सोडलेला नाहीं.