माळवदाचे ओझे : छपराच्या वजनाचा इतिहास

१/ ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र संपत आली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. भूकंप सुमारे ६.२ रिश्टरचा होता. एवढ्या तीव्रतेने इतका संहार का व्हावा, याचे एक मोठे उत्तर माणसांच्या डोक्यावर होते. ते म्हणजे माळवद.

२/ माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती जुन्या गावठाणाच्या पांढरीतून आणत. कमी पावसाच्या आणि कडक उन्हाच्या मुलखात ही रचना शहाणपणाचीच होती. घर गार राही, वर धान्य वाळे आणि उन्हाळ्यात गच्चीवर निजता येई.

३/ मात्र माळवद गळू लागले की पावसाळ्यापूर्वी वर नवी माती पसरत. जुनी काढण्याची रीत बहुतेक ठिकाणी नव्हती. त्यामुळे पिढीगणिक थर वाढत जाई. वीतभर जाडीचे छप्पर नातवंडांच्या काळात हात-दीड हात जाड होई, आणि त्याखालच्या भिंती मात्र पणजोबांनी बांधलेल्याच असत.

४/ एक साधा हिशेब करू. खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद; मातीचा थर ६० सेंटिमीटर. म्हणजे साधारण साडेपाच घनमीटर माती, वजन सुमारे साडेआठ टन. ओली झाली तर त्याहून अधिक. त्याच खोलीवर पत्रे घातले, तर पाइपांसह ते दीडशे किलोच्या आत भरतात.

५/ जमीन एकाएकी बाजूला सरकते तेव्हा छप्पर जागचे हलायला तयार नसते. डोक्यावर भरलेली पाटी घेतलेल्या माणसाच्या पायाखालची सतरंजी ओढावी, तशी घराची गत होते. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या एक-पंचमांश असला, तर माळवदामुळे घराच्या माथ्यावर सुमारे पावणेदोन टनांचा आडवा जोर येतो. पत्र्यामुळे जेमतेम तीस किलोंचा. जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. त्यात भर म्हणजे तो अगदी वर, भिंतीला उलथवायला सर्वांत सोयीच्या जागी लागतो.

६/ भिंती तरी कशा होत्या? चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड क्वचितच असत. हादरा बसताच थर फाकले. काही घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती ढासळल्या. म्हणून सारा दोष छपराच्या माथी मारता येत नाही. कमकुवत भिंत आणि जड माथा यांची जोडी घातक ठरली.

७/ मग सिमेंटचा स्लॅब? १२ सेंटिमीटरचा स्लॅब त्याच खोलीवर सुमारे २.७ टन भरतो, म्हणजे जाड माळवदापेक्षा हलकाच. नीट बांधलेल्या स्तंभ-तुळयांवर तो सगळ्या भिंतींना एकत्र धरून ठेवतो. पण चिखलाच्या किंवा कच्च्या सांध्यांच्या दगडी भिंतींवर तो नुसता टेकवला, तर भिंत फाकताच अखंड खाली येतो. २००१ च्या भूज भूकंपाने हेच दाखवले.

८/ आसामात १८९७ च्या महाभूकंपानंतर लाकडी चौकट, वेताबोरूच्या कुडाच्या भिंती आणि वर पत्रा अशी हलकी घरे रूढ झाली. तिथल्या लोकांनी भूकंपाची आठवण घरातच बांधून ठेवली. किल्लारीच्या मुलखाला अशी आठवण नव्हती. तेव्हाच्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता.

९/ औसा तालुक्यातील माझ्या आजोळचा वाडा त्या पहाटे वाचला. माळवद अजून तेच आहे. मामांनी ते उतरवायचे ठरवले तेव्हा माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी कळवळला. उजेडासाठी ठेवलेल्या साण्याच्या कडेला थरांवर थर दिसत होते आणि त्यांत जुन्या खापरांचे तुकडे. पांढरीची माती म्हणजे एक वसलेले गावच. पण त्याच खोलीत आजी झोपते, आणि पश्चिमेच्या भिंतीला पोट आले आहे. भिंत अशी फुगली, की आतबाहेरचे थर सुटू लागले आहेत, असे समजावे.

१०/ अभियंत्याच्या सल्ल्याने काम ठरले. माती वीतभर ठेवायची, तिच्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा म्हणजे गळतीसाठी दरवर्षी भर घालावी लागणार नाही. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके टेकू द्यायचे. भिंतीत ठरावीक अंतरावर भोके पाडून काँक्रीटचे आरपार दगड ओतायचे. सगळा पत्रा का नाही? उन्हाळ्यात त्याखाली दुपार काढणे कठीण, आणि नीट न बांधलेला पत्रा वादळात उडतो.

११/ उतरवलेली माती मामा शेतात पसरणार आहेत. त्याआधी साण्याजवळच्या थरांची मोजमापे मी वहीत उतरवून घेतली आणि खापरे पिशवीत भरली. आजीने एवढेच विचारले, "पावसाच्या आत होईल ना रे?"