हॅटमधला भगतसिंग

भगतसिंगांचे अस्सल म्हणावेत असे फोटो चारच ज्ञात आहेत. एक लहानपणचा. दुसरा लाहोरच्या नॅशनल कॉलेजातल्या नाटकमंडळींबरोबरचा, डोक्यावर पगडी असलेला. तिसरा १९२७ सालचा, पोलिसांच्या ताब्यात असताना बाजेवर बसलेला, डोकं उघडं आणि केस न कापलेले. आणि चौथा हॅटमधला.

माझ्या लहानपणी यांतला एकही आमच्या गावात नव्हता. गावात होता तो कॅलेंडरवरचा भगतसिंग. सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात तोच दिसायचा. पिवळाधमक फेटा, पीळ दिलेल्या मिशा, हातात पिस्तूल. गॅदरिंगला ज्या मुलाला भगतसिंग व्हायचं असेल त्याच्यासाठी तालुक्याच्या ड्रेसवाल्याकडून हाच वेष भाड्याने यायचा. हॅटमधला फोटो मी पहिल्यांदा पाहिला तो मामाच्या फोटो स्टुडिओत. कुणीतरी फ्रेम करायला दिला होता. मी मामाला विचारलं, हा कोण साहेब? मामाने नाव सांगितलं आणि म्हणाला, "हा बसवून काढलेला फोटो आहे, बघ. लेन्समध्ये कसा बघतोय." त्या वयात मला त्याचा अर्थ कळला नाही, पण ती नजर लक्षात राहिली.

अर्थ पुढे वाचनातून उलगडला. एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या रामनाथ यांच्या स्टुडिओत हा फोटो काढला गेला. ८ एप्रिलला असेंब्लीत बॉम्ब टाकायचा आणि पळून न जाता अटक करून घ्यायची, हे आधीच ठरलं होतं. बटुकेश्वर दत्तांचाही फोटो तिथेच काढला. अटकेनंतर आपला चेहरा लोकांपर्यंत कसा पोचावा हे पोलिसांच्या हाती राहू नये, म्हणून केलेली ही तयारी होती. भगतसिंगांनी स्टुडिओत बसून जे काढून घेतलं ते खरं तर पोस्टरच होतं. त्या वेळी ते साडेएकवीस वर्षांचे होते.

आणि हॅट? १७ डिसेंबर १९२८ला साँडर्सचा वध झाल्यावर काही दिवसांतच भगतसिंग लाहोरहून निसटले ते कोट-हॅट घातलेले साहेब बनून. सोबत दुर्गाभाभी पत्नी म्हणून, त्यांचं लहान मूल, आणि नोकराच्या वेषात आपले खेडचे राजगुरू. पोलीस केसदाढीवाल्या शीख तरुणाच्या शोधात होते. म्हणजे हॅट हा मुळात वेष होता, आणि कॉलेजात नाटकांत काम केलेल्या माणसाने तो धारण केला होता. हे कळल्यापासून मला कॅलेंडरवरचा फेटा डोळ्यांत खुपू लागला. पगडी त्यांनी बांधली होती, यात शंका नाही. पण तो पिवळा रंग आणि ते पिस्तूल चित्रकारांचं आहे. ही हॅट त्यांनी स्वतः निवडलेली आहे.

आता मी शाळेत चित्रकला शिकवते. यंदा नववीच्या मुलांनी भगतसिंगांवर नाटक बसवलं आणि पोस्टरचं काम माझ्याकडे आलं. एका सहकाऱ्याने सुचवलं की मूळ फोटो घेऊन कॉम्प्युटरवर त्यात आपल्या मुलाचा चेहरा बसवून टाकू. मी सरळ नाही म्हणाले. एक तर चेहऱ्यावरचा उजेड आणि हॅटच्या कडेची सावली जुळत नाही, चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो. दुसरं म्हणजे त्या माणसाने विचारपूर्वक मागे ठेवलेला चेहरा खोडून त्यावर दुसरा लावणं मला पटत नाही. मुलाने भगतसिंगांची भूमिका करावी, त्यांची जागा घेऊ नये.

मग मूळ फोटोची चांगली प्रत समोर ठेवून मुलाला तसं सजवायचं ठरलं. पहिली अडचण हॅटची. मोठ्या माणसाची हॅट चौदा वर्षांच्या मुलाच्या कानांवर येऊन बसते, आणि कान झाकले की चेहरा एकदम लहान मुलाचा दिसतो. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद घडी करून हॅटच्या आतल्या पट्टीमागे सगळीकडून सरकवली, तेव्हा ती कपाळावर नीट टेकली. मग ती किंचित कलती केली, फोटोत आहे तेवढीच. जास्त कलली की सिनेमातला खलनायक होतो. शर्टाची कॉलरही मोठी होत होती. ती मानेमागे कपड्याच्या चिमट्याने आवळली, समोरून काही कळत नाही.

मिशीचं काम मला सर्वांत नाजूक वाटतं. ड्रेसवाल्याची चिकटवायची मिशी मी बाजूलाच ठेवली. फोटोतली मिशी तरुणाची आहे, बारीक आणि विरळ. भुवयांच्या पेन्सिलीने केस उगवतात त्या दिशेने तुटक रेघा काढायच्या, मधूनमधून कातडी दिसू द्यायची, आणि वर हलकी पावडर लावायची. काजळ वापरलं तर घामाने पसरतं आणि रेघांचा डाग होतो.

उजेडासाठी दिवे लावले नाहीत. चित्रकलेच्या वर्गात उत्तरेची मोठी खिडकी आहे, मुलाला तिच्याशेजारी बसवलं. पहिल्या फोटोत हॅटच्या कडेखाली डोळे काळेकुट्ट आले. हॅटवाल्या चेहऱ्याची हीच खोड. ती ओळखायची खूण अशी की बाहुलीत उजेडाचा ठिपका दिसतो का ते बघायचं. ठिपका नसेल तर नजर मेली समजा. मुलाच्या मांडीवर पांढऱ्या थर्माकोलचा तक्ता आडवा धरायला लावला आणि खालून परतलेल्या उजेडाने डोळे उघडले. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, सात-आठ फुटांवर. मोबाइल जवळ नेऊन काढलं तर नाक आणि हॅटची पुढची कड फुगते, म्हणून मागे सरून झूम केलं. "बाई, रागाने बघू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, राग नको, समोर जो उभा आहे त्याला तुझं म्हणणं सांगायचं आहे असं बघ. मग जो फोटो आला तो पोस्टरवर गेला.

रंगाचा प्रश्न राहिला होता. मुख्याध्यापक सर म्हणाले, लोक फेट्यानेच ओळखतात, निदान हॅट तरी रंगवा. पण त्या काळच्या पुष्कळ प्लेट्सना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, तांबडं ते काळं उमटे. कृष्णधवल फोटोतला करडा पाहून हॅट तपकिरी होती की राखी हे सांगता येत नाही. म्हणून पोस्टर कृष्णधवलच ठेवलं, फक्त नाटकाचं नाव लाल अक्षरांत. खाली छोट्या टायपात लिहिलं : दिल्ली, एप्रिल १९२९ च्या छायाचित्रावरून. सरांनी ते दोनदा वाचलं आणि चार फोटोंची माहिती नोटीस बोर्डावर लावायला सांगितली.

राजगुरूंचं काम करणारा मुलगा आता माझ्या मागे लागला आहे, माझंही पोस्टर करा म्हणून. त्याला हवाय तो रेल्वेचा प्रवेश, नोकराच्या वेषातला, पुढे साहेब-मडम आणि हा सामान घेऊन मागे. त्या प्रवासाचा फोटो कुणी काढलेला नाही. त्यामुळे त्याला कॅमेऱ्यासमोर बसवणार नाही, ते पोस्टर मी हाताने चितारणार आहे, म्हणजे बघणाऱ्याला ते चित्रच आहे हे कळेल. धोतर, डोक्यावर वळकटी, आणि चेहरा आमच्या वर्गातल्या मुलाचा.