तिसरं पान

गेल्या महिन्यात शेजारचा एक मुलगा रेझ्युमे घेऊन आला. चाकणच्या एका कारखान्यात तो क्वालिटी इंजिनिअर आहे आणि अनुभव अकरा वर्षांचा. तीन पानं भरली होती. दोनांत बसावीत म्हणून त्याने फॉन्ट नऊवर आणला होता, समास चिंचोळे केले होते. मी आधी दोन्ही पूर्ववत करायला लावले. अक्षर बारीक केलं की पान कमी होतं, मजकूर तेवढाच राहतो आणि वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. मग तिसऱ्या पानावरच्या ओळी मोजल्या. चौतीस.

मी सुरुवात नेहमी काढण्यापासून करते. वाक्यं आवळत बसलं आणि नंतर तो भागच गेला, तर सगळी मेहनत वाया. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद, सुरुवातीचं ‘ऑब्जेक्टिव्ह’, शेवटचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे सगळं गेलं. लग्नाच्या बायोडेटाची सवय इथेही उतरते. सोळा ओळी सुटल्या.

त्यानंतर जोडणं. एकाच कारखान्यात त्याची तीन पदं झाली होती आणि तपासणी, रिपोर्ट, ग्राहकांच्या तक्रारी ही कामं तिन्हींखाली जवळपास त्याच शब्दांत लिहिलेली. कंपनीचं नाव एकदाच ठेवलं, त्याखाली तिन्ही पदं आपापल्या वर्षांसह, आणि सारखी कामं एकदाच. वर्षं मात्र एकत्र करायची नाहीत. तसं केलं की बढत्या दिसेनाशा होतात आणि माणूस अकरा वर्षं एकाच खुर्चीत बसल्यासारखा वाटतो. यातून तेरा ओळी मिळाल्या.

आवळणं सगळ्यात शेवटी, कारण त्यासाठी माणूस समोर लागतो. एक ओळ अशी होती: ‘सप्लायर क्वालिटीची जबाबदारी सांभाळली, विविध ऑडिटमध्ये सहभाग घेतला व रिजेक्शन कमी करण्यासाठी प्रयत्न केले.’ मी विचारलं, “किती सप्लायर रे?” “बारा.” “रिजेक्शन किती होतं?” “चार टक्के. आता दीड आहे, ताई.” मग लिहिलं: ‘बारा सप्लायरची ऑडिट, रिजेक्शन 4 वरून 1.5 टक्क्यांवर.’ दोन ओळींची एक झाली, आणि जे कुठेच नव्हतं ते आलं. एकेका शब्दासाठी खाली लोंबणाऱ्या ओळीही अशाच वर ओढल्या. नऊ ओळी वाचल्या.

दुसऱ्या पानाच्या तळाशी चार ओळी मोकळ्या राहिल्या. छंद तरी परत टाकूया, असं तो म्हणाला. मी नको म्हटलं. वर्डची फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर मजकूर दोन-तीन ओळी खाली सरकतो आणि तिसऱ्या पानावर एकटं पदवीचं वर्ष जाऊन बसतं. पीडीएफ पाठवली तर ही भीती नाही; पण काही ठिकाणी वर्डच मागतात.