पाटीवरचा ळ

आमच्या दारावर दोन नावं होती. एक माझं, एक तिचं. सात वर्षांपूर्वी खोताचीवाडीतली ही वरच्या मजल्याची खोली दाखवताना एजंट म्हणाला होता, ‘‘करार दोघींचा होईल, पण दारावर एकच नाव लावा.’’ कुठलं, ते त्याला सांगावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी माझ्या मैत्रिणीनं पुठ्ठ्यावर जाड पेनानं दोन्ही नावं लिहिली, माझं आधी, आणि चार खिळ्यांनी ठोकली.

ती परिचारिका, मूळची कुडाळची. मी दापोलीकडची, उर्दू शाळेत शिकवणारी. अकरा-अकरा महिन्यांचे करार करत सात वर्षं गेली. रमजानमध्ये रात्रपाळी नसली की सहेरीला तीच मला उठवायची. आता तिला गावाजवळ नोकरी मिळाली होती आणि निघायला पंधरा दिवस उरले होते.

काय द्यावं? साडी आणली तर ती किंमत विचारणार, आणि पुढच्या वेळी दुप्पट परत करणार. तिनं माझं नाव लिहिलं होतं. मीही काहीतरी लिहूनच द्यावं, असं वाटलं.

वाडीत एकेकाळी पासष्टेक लाकडी घरं होती. आज निम्मीही उरली नाहीत. पाडलेल्या एका घराच्या जिन्याची फळी कोपऱ्यात पडली होती. ती मागून आणली आणि सुताराकडून वीतभर रुंदीची तख्ती करून घेतली. बी.एड.ला मी फलकलेखन शिकले. पण तख्तीवर बोरू धरायला शिकवलं ते गावच्या शाळेतल्या मौलवीसाहेबांनी. फळी धुवायची, मुलतानी माती पातळ कालवून हातानं सारवायची, उन्हात वाळवायची. बोरू तिरपा तासायचा आणि टोक एका घावात छाटायचं. त्या टोकानं पडणारा नुक्ता हेच अक्षराचं माप. नस्तालीकमध्ये अलिफ तीन नुक्त्यांएवढा उंच.

पहिल्या दिवशी माती जाड झाली. बोरू अडकला आणि पोपडा निघाला. धुऊन पुन्हा सारवलं, तर या वेळी माती फार पातळ. शाई लाकडाच्या रेषांत पसरली. तिसऱ्यांदा मातीचा थर जमला, पण वाळलेल्या अक्षरावर बोट फिरवलं तर काजळ बोटाला आलं. म्हणजे शाईत डिंक कमी. बाभळीचा डिंक भिजवून थोडा घातला. जास्त घालूनही चालत नाही. शाई चकाकते आणि वाळल्यावर तडकते. हे सगळं ती ड्यूटीवर असताना, गच्चीवर.

लिहायचे शब्द दोनच ठरवले होते : खोताची वाडी आणि कुडाळ. वाडीतल्या ‘ड’साठी उर्दूत ‘ड़े’ आहे, तोच कुडाळलाही चालला. काफ, ड़े, अलिफ... आणि हात थांबला. उर्दूत ‘ळ’ नाही. तिथं ‘लाम’ लिहितात आणि वाचणारा समजून घेतो. पण तिच्या गावाचं नाव ‘कुडाल’ करून तिच्या हातात द्यायचं? लामवर एखादी खूण करावी असं मनात आलं. पण माझ्याशिवाय ती खूण कोण वाचणार? जे अक्षर लिपीत नाही, ते आहे असं भासवणंही खरं नव्हे.

शेवटी लामच ठेवला. मग दुसरा बोरू छाटून खालच्या कोपऱ्यात देवनागरीत एकच अक्षर लिहिलं : ळ.

निघायच्या आदल्या रात्री तख्ती तिला दिली. तिनं उजवीकडून बोट फिरवलं, कोपऱ्याशी थांबली. ‘‘तुमच्या उर्दूत आमचो ळ नाय काय गो?’’

‘‘नाही. म्हणून बाहेरून आणला.’’

ती हसली, मग बराच वेळ बोलली नाही. मी तिला सांगितलं की हिला पाणी लागू देऊ नकोस, माती आहे. व्हार्निश लावलं असतं तर अक्षरं टिकली असती. पण तख्ती ही धुऊन पुन्हा लिहिण्यासाठीच असते. कायमची पक्की करायला माझं मन घेईना. सोबत मुलतानी मातीची एक पुडी बांधून दिली.

जुलैत तिचा फोन आला. कोकणातला पाऊस. भिंतीला ओल आली आणि वाडीचा ‘वाव’ ओघळला. ‘‘माती किती पातळ कालवायची, ता सांग,’’ ती म्हणाली. मी सांगितलं : ताकाएवढी.

करार आता माझ्या एकटीच्या नावावर आहे. एजंटनं या वेळी दाराबद्दल काही म्हटलं नाही. पुठ्ठा मी काढलेला नाही.