शुद्ध की वद्य?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आत्याबाईंच्या ट्रंकेच्या तळाशी चार घड्या घातलेले एक पत्र सापडले. आत्याबाई आता ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. त्या दोन वर्षांच्या असताना, १९४४ साली, त्यांची आई कोकणात माहेरी आजारी पडून वारली. आजोबांनी पुढे दुसरे लग्न केले. आमचे वडील त्या दुसऱ्या लग्नाचे. पहिल्या कुटुंबाचे स्मरण घरात भाद्रपदातल्या अविधवा नवमीपुरते उरले. तिथी कोणती, हे सांगणारे कोणी राहिले नव्हते. आणि विचारण्याचे धैर्य आत्याबाईंना ज्या वयात आले, त्या वयात विचारण्याजोगी माणसे निघून गेली होती.

पत्र त्यांच्या मामांचे होते. बहीण गेल्याचे मेहुण्यास कळविणारे. म्हणजे लिहिणाऱ्याचे चित्त कोठे असेल ते सांगावयास नको. अक्षर धावते, शिरोरेघ प्रत्येक ओळीवर एका दमात ओढलेली, शब्दाशब्दांत जागा अशी नाहीच. ही लकब मोडी शिकलेल्या हाताची. मोडीत रेघ आधी ओढून अक्षरे मागाहून तिला टांगीत, आणि अशा हाताने बाळबोध लिहावयास घेतले म्हणजे तीच सवय तेथेही येते. तथापि पत्र लागत होते. अडले ते एकाच शब्दापाशी, आणि तोच शब्द आत्याबाईंना हवा होता. ‘श्रावण’ स्पष्ट, ‘षष्ठी’ स्पष्ट, पुढे ‘बुधवारी पहाटे’ हेही स्पष्ट. मधल्या शब्दाचे पहिले अक्षर घडीवर येऊन कसरीने खाल्ले होते. उरले होते फक्त एक जोडाक्षर. ते ‘द्ध’ असेल तर शुद्ध षष्ठी, ‘द्य’ असेल तर वद्य षष्ठी.

आत्याबाईंनी भिंगातून पाहून ‘शुद्ध’ म्हटले. त्यांच्या जावयांनी ‘वद्य’ म्हटले. आमची नात इयत्ता सहावीत आहे; तिने पत्र हाती घेऊन हा तर सरळ ‘ध’ आहे, असा निकाल दिला. ती चुकली, पण तिला दोष देता येत नाही. तिच्या क्रमिक पुस्तकांत ‘द’चा पाय मोडून शेजारी ‘य’ मांडलेला असतो. ‘द’च्या पोटातून निघालेला ‘य’ तिने फारसा पाहिलेलाच नाही.

प्रथम आम्हांस वाटले, एवढा खल कशाला? वार दिलेला आहे, साल ठाऊक आहे. पंचांग उघडले की झाले. शके १८६६चे गणित पाहिले आणि हात टेकले. त्या वर्षी श्रावण शुद्ध षष्ठी २६ जुलै रोजी होती, बुधवारी. आणि वद्य षष्ठी ९ ऑगस्ट रोजी, तीही बुधवारी! एकाच अंकाच्या शुद्ध व वद्य तिथींत कधी चौदा तर कधी पंधरा दिवसांचे अंतर पडते. पंधरा असते तर वार एकाने पुढे सरकून निर्णय झाला असता. परंतु त्या महिन्यात पौर्णिमेच्या सुमारास चंद्राची गती जलद होती, त्यामुळे अंतर नेमके चौदा दिवसांचे भरले आणि वार तोच राहिला. जावई म्हणाले, शुद्ध षष्ठी म्हणजे नागपंचमीचा दुसरा दिवस. तसे असते तर मामांनी सणाचा उल्लेख केला असता. हा तर्क आम्हांस पटला नाही. बहीण गेलेल्या माणसाने सण आठवलाच पाहिजे असे थोडेच आहे? तेव्हा निर्णय करावयाचा तो अक्षरावरूनच.

आमच्या उमेदीची काही वर्षे एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली. तेथे हस्तलिखितांतील ‘द’च्या जोडाक्षरांनी आम्हांस जितके छळले तितके अन्य कोणी छळले नसेल. ‘विद्वान’चा ‘विद्धान’ आणि ‘द्वारा’चा ‘द्धारा’ तर नित्याचाच. बहुतेक व्यंजनांना उभा दंड असतो, आणि जोडताना तो काढून टाकला की अर्धे अक्षर उरते. त्यात घोटाळा थोडा. ‘द’ला असा काढण्याजोगा दंड नाही. म्हणून पुढचे अक्षर त्याच्या पोटाखाली टांगावे लागते, किंवा त्याच्या शेपटीतून बाहेर काढावे लागते. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत दुसरे अक्षर खाली लोंबते. उजवीकडे उभा दंड नसतो. ‘द्य’मध्ये शेपूट उजवीकडे वळून ‘य’ची लहानशी वाटी करते आणि शेवटी पुरा दंड येतो. सावकाश लिहिले तर हे भेद मुलासही कळतात. (दुकानांच्या पाट्यांवर ‘शुध्द’ असे आधी ‘ध’ आणि मग ‘द’ रंगविलेले दिसते ते निराळे, तो हाताच्या घाईचा दोष नसून कानाचा आहे.)

घाईत काय होते ते मात्र पाहण्यासारखे आहे. ‘द्य’ची वाटी आखडून एका ठिपक्याएवढी होते आणि दंड ‘द’ला येऊन चिकटतो; मग तो ‘ध’सारखा दिसू लागतो. खऱ्या ‘ध’च्या डोक्यावर डावीकडे रेघ तुटलेली असते, या खुणेवर एरवी भरवसा ठेवता येतो, परंतु रेघ सबंध ओळीवर एकदम ओढणाऱ्या हाताने ती खूणही बुजविलेली असते. उलट ‘द्ध’ लिहिताना लेखणी खालच्या फेऱ्यातून सुटून पुढच्या शब्दाकडे धावते, आणि तिची वर जाणारी शेपटी थेट शिरोरेघेला भिडते. म्हणजे जेथे दंड नसावा तेथे दंडाचा भास होतो. मग ‘द्ध’ आणि ‘द्य’ यांत उरले काय? दोहोंतही एक ‘द’, त्याखाली एक गाठ, उजवीकडे एक उभी रेघ. आत्याबाई आणि त्यांचे जावई एकाच आकृतीकडे पाहून दोन गोष्टी वाचीत होते, आणि आकृतीपुरते दोघेही बरोबर होते.

अशा वेळी अर्थाकडे पाहू नये, हा छापखान्यातला पहिला धडा. अर्थाकडे पाहिले की डोळ्यांस हवे ते दिसते. त्याच हाताने लिहिलेले, ज्याविषयी मुळीच शंका नाही असे शब्द आधी गोळा करावे. मामांच्या पत्रात असे शब्द सापडले, आणि ते आजारपणामुळेच सापडले. ‘वैद्य’ हा शब्द दोनदा आला होता. आणि ‘काढा सिद्ध केला’ असे एक वाक्य होते. एकात ‘द्य’ शेवटी, दुसऱ्यात ‘द्ध’ शेवटी. दोन्ही जागी जोडाक्षरावर मात्रा-वेलांटीची गर्दी नाही. ‘सिद्ध’मधली वेलांटी ‘स’ची असल्यामुळे तिचा दंड दूर राहतो. तेथे ‘बुद्धि’ असते तर वेलांटीचा दंड ‘द्ध’ला डावीकडून खेटला असता आणि तुलना बिघडली असती.

तीनही शब्द पातळ कागदावर गिरवून घेतले आणि शेजारी शेजारी मांडले. खालच्या गाठीवरून काही ठरेना. एका ‘वैद्य’तली गाठ ‘सिद्ध’मधल्या गाठीएवढीच खाली उतरली होती; मामांचा हात त्या ओळीत थरथरला असावा. तेव्हा उजवीकडच्या उभ्या रेघेकडे वळलो.

मामांनी टाकाने लिहिले होते. टाकाच्या नीबेला मधोमध चीर असते. लेखणी खाली ओढली की दाबाने दोन्ही पाती फाकतात आणि रेघ जाड येते; वर नेताना दाब देता येत नाही, दिला तर टोक कागदात रुतते, म्हणून वर जाणारी रेघ बारीकच येते. आता देवनागरीतला दंड सर्व जण वरून खाली काढतात. ‘द्ध’ची सुटलेली शेपटी मात्र खालून वर जाते. आकृती एकसारखी दिसली तरी एक रेघ उतरलेली आहे आणि दुसरी चढलेली. ‘सिद्ध’मधली उभी रेघ केसाएवढी होती आणि शिरोरेघेपाशी पोचता पोचता विरून गेली होती. दोन्ही ‘वैद्य’ शब्दांतली रेघ वरपासून जाड, आणि खाली थांबल्या जागी शाईचा किंचित थेंब. तिथीच्या शब्दातली रेघ जाड होती.

एवढ्यावर आम्ही थांबलो नाही. कारण शाई पसरूनही बारीक रेघ जाड होते, आणि घडीजवळ कागदास ओल लागली होती. म्हणून पत्र खिडकीशी तिरपे धरून भिंगातून पाहिले. पाती फाकून ओढलेल्या रेघेच्या दोन्ही कडांस कागदावर बारीक चरे पडतात आणि त्यांत शाई अधिक गडद बसते. पसरलेल्या शाईला असे काठ नसतात, तिची कड सर्वत्र फिकट होत जाते. तिथीच्या शब्दात दोन समांतर काठ स्वच्छ दिसले. ती रेघ वरून खाली ओढलेली होती. तो दंड होता. जोडाक्षर ‘द्य’ होते.

ही युक्ती सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. बोरूची जाडी दाबावर नसून त्याच्या तिरप्या काटावर असते, तेथे हे गणित निराळे करावे लागते. आणि बॉलपेनाची रेघ चढती काय नि उतरती काय, सारख्याच जाडीची. तेथे केवळ वाटीच्या आकारावर आणि लिहिणाराच्या सवयीवर विसंबावे लागते. मामांनी शिसपेन्सिलीने लिहिले असते तर आम्ही आत्याबाईंना काही सांगू शकलो असतो असे वाटत नाही.

आत्याबाईंनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “अरे, म्हणजे मी सबंध जन्म तिला पंधरवडा आधीच घालवली असती की!” आम्ही म्हटले, अद्याप काहीच केलेले नाही, पत्र तर आताच मिळाले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पत्र मागून घेतले, भिंग बाजूस ठेवले, आणि त्या उभ्या रेघेवरून अंगठा वरून खाली फिरविला.

श्रावण शुद्ध षष्ठीस आम्ही त्यांच्याकडे सहज गेलो होतो. त्या वाती वळीत बसल्या होत्या. अजून वेळ आहे, म्हणाल्या. वद्य षष्ठीस पाट मांडला, पान वाढले, आणि नैवेद्य दाखविताना त्यांनी प्रथमच आईचे नाव मोठ्याने घेतले.